प्रबंधाच्या संदर्भांबाबतच्या अभिप्रायास उत्तर

अभिप्राय: "दोन तारे. प्रबंधाचे संदर्भ झोटेरोतून लावून घेतले. सातवी एपीए हवी होती, तरी चौथ्या प्रकरणात सहावीच राहिली. गाइडसमोर मान खाली गेली, पैसे मात्र पूर्ण घेतले."

महोदय, आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून दिलगीर आहोत. मात्र हा दोष आमच्या कामाचा म्हणून इथे नोंदला गेल्याने खुलासा करणे भाग आहे.

आपण सुरुवातीला सहावी आवृत्ती सांगितली होती व त्याप्रमाणेच फाइल दिली. सातवी हवी असल्याचे आपण नंतर फोनवर कळवलेत, तेव्हा Document Preferences मधून शैली कशी बदलायची तेही सांगितले. त्याचे पैसे घेतले नाहीत. शैली बदललीही होती, कारण शेवटच्या सूचीत पुस्तकांचे प्रकाशनस्थळ कुठेच दिसत नाही, आणि ते सातव्या आवृत्तीनेच काढून टाकले आहे. जुने राहिले ते फक्त मजकुरातले काही संदर्भ, जिथे 'व इतर' होण्याऐवजी तिन्ही लेखकांची आडनावे तशीच आहेत.

त्याचे कारण असे. आपण दिलेल्या लायब्ररीत एकाच लेखकाचे नाव एका नोंदीत आद्याक्षराने आणि दुसरीत पूर्ण लिहिलेले होते. झोटेरो त्यांना एकाच आडनावाच्या दोन व्यक्ती समजतो आणि फरक कळावा म्हणून कंसात आडनावाआधी आद्याक्षर घालतो. ते आपल्याला खटकले, हे स्वाभाविक आहे. पण आपण ते वर्डमध्ये हाताने खोडलेत, आणि हा बदल ठेवून पुढची अद्ययावतता थांबवायची का, असे झोटेरोने विचारल्यावर बहुधा Yes दाबलेत. तसे केले की तो संदर्भ गोठतो व शैली कितीही वेळा बदलली तरी हलत नाही. वर्डमध्ये Alt+F9 दाबून पाहावे. अशा संदर्भाच्या कोडमध्ये हे सापडेल:

```
"dontUpdate":true
```

आम्ही दिलेल्या प्रतीत हे एकाही ठिकाणी नाही; ती प्रत आमच्याकडे जपून ठेवली आहे, कोणीही येऊन तपासावी. उपाय फार मोठा नाही. लायब्ररीतल्या दोन्ही नोंदींत नाव अक्षरशः सारखे करावे, गोठलेल्या संदर्भावर क्लिक करून Add/Edit Citation उघडावे, हाताने केलेले बदल पुसले जातील या सूचनेला होकार द्यावा आणि शेवटी Refresh करावे. एरवी अशा चुका नजरेने शोधायला बसले तर प्रबंध दोनदा वाचावा लागेल.

दर ठरला तोच घेतला, आणि त्यात नोंदी तपासून संदर्भ लावणे होते, फाइल नेल्यानंतरच्या दुरुस्त्या नव्हत्या. यापुढे फाइलबरोबर लेखी सूचना वगैरे देण्याचा आमचा विचार आहे. आपण फाइल पाठवल्यास चौथे प्रकरण आम्ही विनामूल्य दुरुस्त करून देऊ. फक्त त्यानंतर हा अभिप्राय तसाच ठेवायचा का, याचा कृपया विचार व्हावा, कारण नवे विद्यार्थी तारे पाहूनच परत फिरतात.