डॅशबोर्डच्या फोटोत रंग नंतर बघा, आधी आरपीएमचा काटा बघा

«सेल्फ ड्राइव्ह गाडी घेताना डॅशबोर्डचा एक फोटो काढून ठेवा. रंग बघितला की झालं. लाल म्हणजे गाडी जागीच थांबवा, पिवळा म्हणजे नुसती सर्व्हिसिंगची आठवण, ट्रिप संपल्यावर सांगा, हिरवा-निळा म्हणजे सगळं ओके. आणि फोटोत दिसणारा दिवा आधीचाच, त्याचा खर्च आपल्याकडे येत नाही. सगळ्यांना पाठवा.»

भाड्याच्या गाड्या लोकांच्या हातात देणं आणि परत ताब्यात घेणं हे नवी मुंबईत माझं रोजचं काम आहे. त्यामुळे हा मेसेज वाचून काढलेले फोटो माझ्याकडेच येतात. त्यातला एक घेऊन बोलू, म्हणजे मुद्दे आपोआप सुटतील.

घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या अलीकडे अडकलेल्या एका मुलाने फोटो पाठवला. डिझेल एसयूव्ही, जायचं होतं लोणावळ्याला. फोटोत लाल ऑइलची किटली, लाल बॅटरी, लाल वर्तुळातलं उद्गारचिन्ह आणि पिवळं इंजिन. सोबत निरोप, «ऑइल संपलंय, टोइंग पाठवा.» मी दिव्यांकडे बघितलंच नाही. आरपीएमचा काटा शून्यावर होता, म्हणजे इंजिन चालू नव्हतं. ट्रॅफिकमध्ये क्लच चुकून गाडी बंद पडली होती आणि किल्ली तशीच ऑनवर राहिली होती. हँडब्रेक त्याने घाबरून ओढला होता.

किल्ली ऑन आणि इंजिन बंद, या अवस्थेत ऑइलचा दिवा पेटायलाच हवा, कारण पंप फिरत नसतो आणि दाब शून्य असतो. अल्टरनेटर फिरत नसतो म्हणून बॅटरीचा पेटतो. चेक इंजिनचा दिवाही बहुतेक गाड्यांत इंजिन चालू होईपर्यंत पेटलेला राहतो, तो जिवंत आहे हे दाखवण्यासाठी. म्हणजे त्या तीन लाल दिव्यांपैकी एकही बिघाड सांगत नव्हता. त्याला म्हटलं, हँडब्रेक सोड, गाडी चालू कर, दहा सेकंद थांब आणि मग बघ. सगळे लाल विझले, चेक इंजिनही विझलं. पण एक छोटा पिवळा दिवा तसाच राहिला. तो पहिल्या फोटोतही कोपऱ्यात होता, फक्त एवढ्या लाल गर्दीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. दोन्ही बाजूंना नळी असलेली पेटी आणि तिच्या आत ठिपके.

हा डिझेलच्या काजळीच्या फिल्टरचा, डीपीएफचा दिवा. बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर हा फिल्टर असतो. तो काजळी अडवतो आणि धूर पुरेसा तापला, साधारण सहाशे अंशांच्या आसपास, की ती जाळून टाकतो. घोडबंदर रोडवर किंवा तीन हात नाक्याला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत धूर कधी एवढा तापतच नाही. काजळी साठत जाते आणि हद्द गाठली की हा दिवा पेटतो. त्याचा अर्थ इतकाच की मला आता थोडा वेळ सलग पळू द्या.

मेसेजच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर इथेच आहे. हा पिवळा दिवा ट्रिप संपेपर्यंत ठेवण्यासारखा नाही. त्याच्यावर आणखी शहरातच गाडी चालवली की फिल्टर इतका भरतो की गाडी स्वतःहून ताकद कमी करते, मग वर्कशॉपमध्ये मशीन लावून तो जाळावा लागतो. शिवाय जाळण्याचं काम मध्येच पुन्हा पुन्हा तुटलं तर जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. तोच दिवा वेळेवर ओळखला तर फुकटात विझतो. त्या मुलाला सांगितलं, कळंबोलीला एक्सप्रेसवे पकडलास की आरपीएम दोन हजारांच्या वर राहील अशा गिअरमध्ये, वेगमर्यादेत, सलग चालव, मध्ये चहाला थांबू नकोस. खालापूर टोलच्या आधी दिवा गेला होता. अर्धा तास सलग पळवूनही गेला नसता, किंवा तो लुकलुकत असता, किंवा सोबत चेक इंजिन पेटलं असतं, तर मात्र पळवून उपयोग नव्हता. मग वर्कशॉपच.

पिवळ्यातला दुसरा अवघड दिवा म्हणजे चेक इंजिन, आणि इथे फोटो पुरता फसतो. तो दिवा स्थिर असेल तर गाडी शांतपणे चालवत त्याच दिवशी कुणाला तरी दाखवता येते. लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता पुढे जातंय आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी व्हायच्या मार्गावर आहे. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि बाजूला घ्यायचं. स्थिर फोटोत दोन्ही दिवे हुबेहूब सारखे दिसतात. म्हणून मी फोटोऐवजी व्हिडिओ मागतो. त्यातही एक गंमत आहे. डॅशबोर्डचे एलईडी मंद करण्यासाठी ते प्रत्यक्षात फार वेगाने चालू-बंद होत असतात आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात त्यांचे पट्टे थरथरताना दिसतात. ती थरथर म्हणजे लुकलुकणं नव्हे. खरा इशारा सेकंदाला एक-दोनदा, डोळ्याला सहज मोजता येईल असा लुकलुकतो. रात्रीच्या फोटोत रंगाचीही खात्री धरू नका. कॅमेरा उजेड वाढवतो, लाल नारिंगी दिसतो आणि पिवळा पांढरट. स्क्रीनवर दिव्यावरच बोट ठेवून उजेड खाली ओढला तर खरा रंग येतो. तरी रंगापेक्षा चिन्हाचा आकार वाचा, तो बदलत नाही.

आता पहिला मुद्दा, लाल. ऐरोली पुलावर मधल्या लेनमध्ये जागीच ब्रेक मारणारा माणूस दिव्यापेक्षा जास्त धोका तयार करतो. आणि लाल दिव्यांचं म्हणणंही एकसारखं नसतं. सीटबेल्ट, उघडं दार, हँडब्रेक हे सगळे लालच. गाडी बंद असताना लुकलुकणारी लाल कुलूप-गाडी ही चोरीविरोधी यंत्रणा, तिला काही झालेलं नसतं. खरोखर जीवघेणा लाल म्हणजे इंजिन चालू असताना पेटलेली ऑइलची किटली. ती ऑइलचं प्रमाण नव्हे, दाब दाखवते. म्हणून «कालच ऑइल बदललंय» हे उत्तर तिथे चालत नाही. बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतही नको. तापमानाच्या लाल दिव्यालाही बाजूला घेऊन इंजिन बंद, आणि रेडिएटरचं झाकण थंड होईपर्यंत उघडायचं नाही.

बॅटरीचा लाल मात्र थोडी मुदत देतो. एसी आणि जास्तीची वीज खाणारं सगळं बंद करून काही किलोमीटर जाता येतं. पण तापमान चढायला लागलं किंवा स्टिअरिंग जड झालं तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटला असण्याची शक्यता असते, मग थांबायचं. उद्गारचिन्हाच्या लाल दिव्याला आधी हँडब्रेक पूर्ण खाली गेलाय का ते बघा. येऊरच्या चढावर हा पेटतो आणि सपाटीला आल्यावर विझतो अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा ब्रेक ऑइलची पातळी तपासायला लावतो. पातळी कमी असली की उतार-चढावाला ते एका बाजूला सरकतं. बहुधा पॅड झिजलेले निघतात, कधी गळती. ब्रेक पेडल मऊ लागलं किंवा दाबल्यावर खाली जात राहिलं तर गाडी हलवायची नाही. एबीएसचा पिवळा आणि हा लाल एकत्र पेटले तर मागच्या चाकांवरचा ब्रेकचा ताबाही गेलेला असू शकतो. पावसाळ्यात तर ती गाडी घेऊच नका.

हिरव्या-निळ्यावर फार बोलायला नको. हिरवा म्हणजे काहीतरी चालू आहे, इतकंच. निळा अप्पर बीमचा, समोरच्याच्या डोळ्यात जाणारा. तापमानाचा काटा नसलेल्या काही गाड्यांत निळा थर्मामीटर असतो, इंजिन अजून थंड आहे हे सांगणारा. तो विझेपर्यंत गाडी दामटू नका.

राहिला खर्चाचा मुद्दा, त्यावर सर्वांत जास्त भांडणं होतात. किल्ली ऑन करून काढलेल्या फोटोत सगळेच दिवे पेटलेले असतात, तो कुणाच्याच बाजूने काही सिद्ध करत नाही. व्हिडिओ असा काढा: आधी सगळं बंद, मग किल्ली ऑन. स्टार्ट बटण असेल तर ब्रेक-क्लच न दाबता. सगळे दिवे येऊ द्या. एअरबॅगचा दिवा आलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो आणि ती गाडी नाकारण्यासारखी आहे. मग इंजिन चालू करून दहा सेकंद, फ्रेममध्ये ओडोमीटर आणि आरपीएमचा काटा. तो व्हिडिओ गाडी हलवण्याआधी मालकाला पाठवा.

एवढं करूनही चेक इंजिनचा दिवा फसवू शकतो, कारण कुणी गाडी देण्याआधी स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला तर दिवा विझतो आणि काही फेऱ्यांनंतर परत येतो. तेव्हा ग्राहकाने बिघाड केल्यासारखं दिसतं. पण गाडीच्या मेंदूत दोन आकडे असतात. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला साधा ब्लूटूथ स्कॅनर लावला की बहुतेक बीएस-६ गाड्यांत मोबाइलवर ते दिसतात: `Distance traveled with MIL on` आणि `Distance since codes cleared`. MIL म्हणजे हाच चेक इंजिनचा दिवा. पहिला आकडा दिवा पेटल्यापासून गाडी किती चालली ते सांगतो, दुसरा कोड पुसल्यापासून किती चालली ते.

समजा ट्रिपमध्ये तुम्ही ९६ किलोमीटर गेलात, दिवा शेवटी पेटला आणि दुसरा आकडा १०८ आला. म्हणजे तुम्ही गाडी घेण्याच्या अवघ्या १२ किलोमीटर आधी कुणीतरी कोड पुसले होते. किंवा बॅटरी काढली होती, काही गाड्यांत त्यानेही हा आकडा शून्य होतो. हे विचारून घ्यावं लागतं. आणि दिवा पेटलेला असताना पहिला आकडाच ४१२ आला तर वादच नाही. ९६ किलोमीटरच्या ट्रिपमध्ये ४१२ किलोमीटर दिवा पेटलेला राहू शकत नाही. उलट तो ३० आला तर दिवा तुमच्या हातात असताना पेटला आणि त्यानंतर तुम्ही तीस किलोमीटर चालवलीत, हेही तितकंच स्पष्ट दिसतं. दिवा आधीचा असला तरी तो दिसल्यावर रेटून चालवल्याने वाढलेलं नुकसान करारात बहुधा चालवणाऱ्याच्या नावावर असतं. म्हणून ते कलम सही करण्याआधी वाचा, आणि आकड्यांचा स्क्रीनशॉट कोड पुसण्याआधी घ्या. गॅरेजवाला सवयीने आधी पुसतो आणि मग बघतो.