फौंड्री, झाडं, बगॅस आणि नेट झिरोचा हिशेब

कोल्हापूरच्या कारखानदारांच्या ग्रुपवर फिरणारी पोस्ट: "नेट झिरो म्हणजे उत्सर्जन कमी करणं, नाव तेवढं नवं. थोडा कोळसा कमी जाळा, उरलेल्यासाठी झाडं लावा, झालं नेट झिरो. आपले साखर कारखाने तर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालतात, ते आधीच शून्यावर आहेत."

पहिलं वाक्य घेऊ, कारण बाकीचा घोळ तिथूनच सुरू होतो. पृथ्वी किती तापणार, हे यंदा किती धूर सोडला यावर ठरत नाही. आजवर सोडलेल्या सगळ्या कार्बन डायऑक्साइडची बेरीज किती, यावर ठरतं. हजार अब्ज टनांची भर पडली की तापमान साधारण 0.45 अंशाने वाढतं, असा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीचा अंदाज आहे. जग सध्या वर्षाला 40 अब्ज टनांच्या आसपास सोडतं, म्हणजे एवढी वाढ व्हायला 25 वर्षं. उत्सर्जन निम्म्यावर आणलं तर तीच वाढ 50 वर्षांनी होईल. वेळ मिळाला, हे खरंच. पण वाढ थांबली नाही. ती थांबायला बेरजेत नवी भर पडणंच बंद व्हावं लागतं. जेवढं सोडलं तेवढं हवेतून परत काढलं, तर ते साधतं. नेट झिरो त्या टप्प्याचं नाव. घट हा तिथवर जायचा रस्ता.

आपल्याकडे 'कमी केलं' म्हणताना आणखी एक गंमत होते. शिरोलीतली एखादी फौंड्री धरा, महिन्याला 500 टन धातू वितळवणारी. क्युपोलात, म्हणजे कोकवर चालणाऱ्या भट्टीत, टनामागे 130 किलो कोक गेला, तर किलोला तीन किलोच्या हिशेबाने सुमारे 400 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्षाला 2,400 टन. मालकाने सुधारणा करून टनामागचा कोक 20 टक्क्यांनी घटवला आणि त्याच सुमारास ऑर्डरी दुप्पट झाल्या. अहवालात घट दिसेल, पण धुराड्यातून 3,840 टन बाहेर पडतील. भारताचं 2030 चं लक्ष्यही याच जातीचं आहे: जीडीपीच्या तुलनेत उत्सर्जन 2005 पेक्षा 45 टक्के कमी. देश अजून वाढतोय, त्यामुळे त्यात गैर काही नाही, पण ते नेट झिरो नव्हे. त्यासाठी आपण 2070 साल सांगितलंय.

विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस घेतली की सुटलो, असंही नाही. टनाला 600 युनिट वीज आणि युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर 420 किलो होतात. धूर शिरोलीतून उठून औष्णिक केंद्राच्या चिमणीत गेला, एवढंच. फरक पुढे पडतो: ग्रिडमधली वीज स्वच्छ होत जाईल तशी इंडक्शनची बेरीज आपोआप उतरेल, कोकची उतरणार नाही.

आता झाडं. वाढतं झाड वर्षाला 20 किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं, असं सढळ हाताने धरू. 2,400 टनांसाठी 1 लाख 20 हजार झाडं लागतील. एकरी 400 लावली तर 300 एकर. लावल्या दिवसापासून ती एवढं शोषत नाहीत, रोपाला वर्षं लागतात. पुढे जंगल पूर्ण वाढलं की शोषण मंदावतं, फौंड्री मात्र चालूच असते, म्हणजे पुन्हा नवी जमीन हवी. वणवा लागला की साठवलेलं परत हवेत. कोकमधला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता आणि हवेत गेल्यावर त्याचा काही भाग हजारो वर्षं तिथेच राहतो. त्याच्यासमोर शंभर वर्षांचं झाड ठेवून हिशेब जुळत नाही. झाडं जरूर लावा, पण कोकच्या खात्यात जमा धरू नका.

बगॅसचं अर्धं खरं आहे. उसाने वर्ष-दीड वर्षात हवेतून घेतलेलाच कार्बन बॉयलरमध्ये परत सुटतो, त्यामुळे बेरजेत भर पडत नाही. पण हवेतून कायमचं काही निघतही नाही. महावितरणला विकलेल्या विजेने कुठेतरी कोळसा वाचतो, हे टळलेलं उत्सर्जन झालं; ते दाखवून दुसऱ्याचा धूर पुसता येत नाही. शिवाय उसाला टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. शून्य म्हणताना शेत हिशेबाबाहेर ठेवलं जातं.

खरं 'वजा' करायची जागा कारखान्यातच आहे, पण ती बॉयलर नव्हे, डिस्टिलरी. किण्वनात लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलो जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. रोज लाख लिटर करणाऱ्या डिस्टिलरीत तो 75 टन होतो. सोड्याच्या बाटलीत भरला तर झाकण उघडताच परत हवेत. जमिनीखाली कायमचा गाडला तरच तो हवेतून काढला म्हणता येईल. आइसलंडमध्ये तो पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकाच्या छिद्रांमध्ये सोडतात, तिथे त्याचा दगड होतो. आपल्या पायाखालीही बेसाल्टच आहे, पण तो कितीतरी जुना, त्यामुळे छिद्रं भरलेली असू शकतात. आणि त्या पद्धतीला टनामागे वीसेक टनांहून जास्त पाणी लागतं.