निशाणी उजवा अंगठा

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी नम्रपणे सांगतो. एकोणीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवतोय. शाळेतली सगळी प्रमाणपत्रं, निरोप समारंभाची मानपत्रं, झालंच तर गावच्या जत्रेचा फलक, हे सगळं माझ्याच हातचं. त्यामुळे आईचा फॉर्म भरायचा म्हटल्यावर मी शाईचं पेन, मोजपट्टी आणि चष्मा घेऊन बसलो. दहा मिनिटांचं काम होतं. त्याला चार महिने लागले.

आईला लिहिता-वाचता येत नाही. येत नाही म्हणजे अक्षरं येत नाहीत. बाकी एसटीच्या रंगावरून ती कुठं जाणार हे तिला कळतं, आणि दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब ती भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांवरून माझ्या मोबाइलच्या आधी सांगते. वडील गेल्यावर त्यांची फॅमिली पेन्शन तिच्या खात्यात यायला लागली. त्या खात्याला नॉमिनी नेमलेला नव्हता. ‘नॉमिनेशन करून टाका,’ असं बँकेतल्या बाईंनी सुचवलं आणि डीए-१ नावाचा फॉर्म हातात दिला.

फॉर्म मी सुवाच्य अक्षरात भरला. नॉमिनीच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. दुसरं कुणाचं लिहिणार? थोरला मी, बँकेच्या फेऱ्या मारणारा मी. खाली ‘सही/अंगठा’ होतं, तिथं आईचा डावा अंगठा टेकवला. आपल्याकडे म्हणच आहे ना, निशाणी डावा अंगठा!

“बायकांचा उजवा लागतो,” काउंटरवरून उत्तर आलं.

ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पुरुषांचा डावा, बायकांचा उजवा. मला ठाऊक नव्हती, कारण त्याआधी आईचं पॅनकार्ड काढलं तेव्हा त्या फॉर्मवर बाई-बुवा न बघता डावाच मागितला होता. वर तो अंगठा नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर उठवून त्याचा शिक्का आणायचा होता. आईने दोन्ही अंगठे वर करून पाहिले. “आरं, कुठला ते एकदा ठरवून सांगा. म्या दोनी आणलेत.”

नवा फॉर्म. नवा अंगठा. हा अंगठा उठेचना. साठ वर्षं राखेनं भांडी घासलेली, खुरपं धरलेलं, तव्यावरची भाकरी बोटानं उलटलेली. त्या अंगठ्यावर रेषा आहेत, पण त्या आता सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदींसारख्या झाल्यात. मी शाईच्या पॅडवर तिचा अंगठा जोरात दाबला. कागदावर जांभळाएवढा डाग उमटला.

तिथल्या शिपाई मामांना दया आली. त्यांनी आईचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला आणि चांगला कोरडा केला. मग पॅडवर नुसता टेकवला, दाबला नाही. आधी एका रद्दी पावतीवर एक ठसा घेतला, जास्तीची शाई तिथं गेली. मग दुसरा ठसा फॉर्मवर, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच लोळवून. भोवरे दिसायला लागले. “शाई जास्त झाली की रेघा बुजतात, सर. आणि ठसा लिहिलेल्या ओळीवर घ्यायचा नाही, मोकळ्या जागेत घ्यायचा,” मामा म्हणाले. मी एम. ए., बी. एड. आहे.

ठशाच्या बाजूला काय लिहायचं, हेही त्यांनीच सांगितलं. ‘ही निशाणी अमुक यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याची’ असं. नाहीतर कुणाचा अंगठा, कुठल्या हाताचा, कागदाला कसं कळणार? आमच्या घरी पणजीच्या वेळचा एक जमिनीचा कागद आहे. त्यावर तिच्या नावापुढे ‘निशाणी बांगडी’ लिहून एक वाकडं वर्तुळ काढलंय आणि पणजोबांच्या नावापुढे नांगर. कायद्याला त्यात काही वावगं वाटत नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टनुसार ज्याला नाव लिहिता येत नाही, त्याची खूण हीच त्याची सही. म्हणजे आईची सही कायद्याने पक्की आहे, प्रश्न फक्त ती तिचीच आहे हे सांगणाऱ्यांचा.

“साक्षीदार दोन,” बाई म्हणाल्या.

इथं एक गंमत आहे. याच फॉर्मवर मी माझ्या खात्यासाठी सही केली असती, तर एकही साक्षीदार लागला नसता. सहीला साक्षीदार नको, अंगठ्याला दोन हवेत. ज्या ठशाची दुनियेत नक्कल नाही त्याला दोन जामीनदार, आणि जी सही आमच्या नववीतली पोरं प्रगतिपुस्तकावर बापाच्या नावानं रोज करतात ती मात्र एकटीच चालते!

“एक मी आहे की,” मी म्हणालो.

“तुम्ही नॉमिनी आहात, सर. फॉर्मही तुम्हीच लिहिलाय. लिहिणारा तुम्ही, पैसे मिळणार तुम्हाला, आणि ‘हो, हिनेच अंगठा दिला’ असं सांगणारेही तुम्हीच?”

हे ऐकून मला राग आला आणि लगेच पटलंही, त्यामुळे राग कुठं ठेवावा ते कळेना. शाखेत खातं असलेला, आईला ओळखणारा माणूस शोधायला मी बाहेर पडलो. पासबुक भरायला आलेल्या मंडळींनी ‘साक्षीदार’ हा शब्द ऐकताच अंग चोरलं. आपल्याकडे साक्षीदार म्हटलं की माणसाला कोर्टच आठवतं. शेवटी समोरचे मिठाईवाले शेठ पेढ्यांचं ताट बाजूला ठेवून आले. घाई होती म्हणून आल्या आल्या सही ठोकून गेले. त्यांच्या मागोमाग आईचा अंगठा.

“आधी साक्षीदार आणि मग अंगठा? त्यांनी पाहिलं काय मग?” फॉर्म परत.

“सख्खा ल्योक चालत न्हाई आन पेढेवाला चालतोय,” आई रिक्षात बसताना म्हणाली. “त्यो बी बघितल्याबिगर.”

मग आई अंगणात घसरली आणि गुडघा गेला. आता बँकेत जाणं बंद, आणि औषधांना पैसे तर हवेत. एका मित्रानं उपाय सांगितला, अधिकारपत्र कर. ‘माझ्या मुलास माझ्या वतीने पैसे काढण्याचा अधिकार देत आहे’ एवढंच लिहायचं. मी झकास मसुदा केला, दोन परिच्छेद, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, “छान आहे. यावर आईंचा अंगठा लागेल. आणि दोन साक्षीदार.”

म्हणजे आईला बँकेत यायला लागू नये म्हणून जो कागद केला, त्या कागदासाठीच आईला बँकेत यायला हवं.

मी आवाज चढवणार इतक्यात आतले साहेब बाहेर आले. त्यांनी नियम समजावून सांगितला आणि मला पहिल्यांदा कळलं की या माणसांकडे उत्तर आहे, फक्त आपण प्रश्न चुकीचा विचारत होतो. खातेदार आजारपणामुळे बँकेत येऊ शकत नसेल, तर पैसे काढायच्या स्लिपवर त्याचा अंगठा किंवा खूण घ्यायची. ती दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायची आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असला पाहिजे. पैसे कोण नेणार हे खातेदाराने सांगायचं. त्या माणसालाही दोन साक्षीदारांनी ओळखायचं आणि त्याने आपली सही बँकेला द्यायची. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं तर रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगून ठेवलंय.

“हाताचा अंगठा उठत नसेल तर पायाचाही चालतो,” साहेब म्हणाले. मी हे घरी सांगितलं. आई म्हणाली, “पायाला सोड. पायच मोडलाय नव्हं का.”

मी हळूच विचारलं, “साहेब, एवढ्यापेक्षा माझं नावच जोडलं तर खात्याला?”

“पेन्शनच्या खात्याला जोडता येतं का, ते बघावं लागेल. पण जोडलं, तर ते खातं तुमचंही होतं, ते आईंना समजावून सांगा. अधिकारपत्रात तसं नाही. पैसे त्यांचेच, तुम्ही नुसते हात. त्या असेपर्यंतच.” शेवटचं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं. अधिकारपत्र असो की कुलमुखत्यारपत्र, देणारा गेला की कागद संपला. त्यानंतरच्यासाठी तो डीए-१. तो अजून माझ्या पिशवीत तसाच होता.

गुरुवारी दुपारी साहेब घरी आले, पॅड आणि रजिस्टर घेऊन. शेजारच्या तात्यांना बोलावलं होतं. पैशांची स्लिप झाली. आईच्या अंगठ्याला साहेब आणि तात्या असे दोन साक्षीदार, मला ओळखणारेही तेच दोघे. हातासरशी नॉमिनेशनही उरकू, म्हणून मी पिशवीतून नवा, सुंदर भरलेला फॉर्म काढला. आईने अंगठा पुसून पुढे केला. साहेबांनी तो हवेतच थांबवला.

“आजी, आधी ऐका. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही.” त्यांनी सावकाश वाचलं. खाते क्रमांक. पत्ता. मग नॉमिनीचं नाव, माझं.

“ह्याचं कशापायी?” आई म्हणाली.

सगळे गप्प.

“आये, तूच म्हणालीस ना फॉर्म भर म्हणून?”

“भर म्हणाले. तुजं नाव घाल कवा म्हणाले? तुला पगार हाय, पेन्शन हाय. सुमीचं घाला.”

सुमी माझी बहीण. चार महिने, तीन फॉर्म, आणि मी एकदाही आईला विचारलं नव्हतं. वाचूनही दाखवलं नव्हतं. घरातल्या घरात काय वाचायचं? साहेबांनी मला धीर दिला की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीनं पैसे ताब्यात घेतो, वाटणी कायद्याप्रमाणेच होते. मी मान डोलावली आणि चौथा फॉर्म भरायला घेतला. या वेळी अक्षर जरा तिरकं आलं.

अंगठा छान उठला. मामांनी शिकवल्याप्रमाणे आधी रद्दीवर, मग मोकळ्या जागेत. तात्यांनी सही केली. दुसरी कुणाची?

“आता तुमची चालेल, सर,” साहेब हसून म्हणाले. “आता तुम्ही नॉमिनी नाही. आणि खातंही आमच्याच शाखेत आहे.”

मी मोठ्या रुबाबात, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी देऊन सही केली. साहेबांनी फोटो काढून शाखेत पाठवला. दोन मिनिटांत फोन वाजला. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलं.

“सर, तुम्ही २००६ मध्ये खातं उघडलं तेव्हाच्या सहीशी ही जुळत नाहीये. एकदा परत करता का?”

मी परत केली. ती दोन्हींशी जुळेना.

आईने शाईचं पॅड माझ्याकडे सरकवलं.