तेरजेतील ऋणको आणि टक्केवारीचा सोपा नियम

«समायोजना सोप्या असतात. तेरजेतील ऋणकोंच्या रकमेवर संशयित कर्जाचा टक्का लावा, सुटीचा टक्काही त्याच रकमेवर लावा आणि प्रत्येक बाबीचा परिणाम दोन ठिकाणी दाखवा. ताळेबंद जुळला की उत्तर बरोबर.»

वरच्या या सोप्या नियमातली पहिली चूक रकमेच्या निवडीत आहे. समजा, तेरजेत ऋणको 84,000, बुडीत कर्ज 1,500 आणि जुना संशयित कर्ज निधी 2,600 आहे. समायोजनेत आणखी 4,000 बुडीत, 5 टक्के संशयित कर्ज निधी आणि ऋणकोंवर 2 टक्के सूट निधी सांगितला आहे. जे 4,000 बुडालेच, त्यांच्याबद्दल संशय उरत नाही. म्हणून ते आधी वजा करून उरलेल्या 80,000 वर 5 टक्क्यांनी 4,000 निधी येतो. तेरजेतील 1,500 मात्र पुन्हा वजा करायचे नाहीत, कारण ते ऋणकोंच्या खात्यातून आधीच कमी झालेले असतात.

सुटीचे कारण वेगळे आहे. सूट वेळेवर पैसे देणाऱ्याला मिळते, आणि जो पैसे देईल की नाही याचीच शंका आहे त्याच्यासाठी सुटीची तरतूद करणे विसंगत ठरते. त्यामुळे 80,000 मधून 4,000 वजा करून 76,000 वर 2 टक्के, म्हणजे 1,520 सूट निधी येतो आणि ताळेबंदात ऋणको 74,480 दिसतात. नफा-तोटा खात्यात सूट निधीखेरीज 1,500, 4,000 आणि नवा निधी 4,000 यांच्या बेरजेतून जुना निधी 2,600 वजा जाऊन 6,900 नावे पडतात. (जुना निधी विसरणे ही परीक्षेतील नेहमीची चूक आहे.)

आता ताळेबंद जुळण्याच्या कसोटीकडे पाहू. दोन्ही टक्के 84,000 वर लावले, तर निधी 4,200 आणि सूट 1,680 येते. नफा 360 ने कमी होतो, ऋणकोही 360 नेच कमी होतात, आणि ताळेबंद बिनबोभाट जुळतो. चूक दोन्ही बाजूंना सारखीच पडल्यामुळे जुळणी ती पकडूच शकत नाही.

दोन ठिकाणी परिणाम दाखवण्याचा नियम फक्त तेरजेबाहेर दिलेल्या बाबींना लागू आहे. तेरजेखाली «मजुरी 900 देणे बाकी» असे लिहिले असेल, तर ती व्यापार खात्यात मजुरीत मिळवून ताळेबंदात देयता म्हणून दाखवावी. तीच अदत्त मजुरी तेरजेच्या जमा बाजूला असेल, तर ती मजुरीत आधीच मिळवलेली असते. म्हणून तिला केवळ ताळेबंदात जागा आहे. ती मजुरीत पुन्हा मिळवली, तर ताळेबंदात नेमका 900 चा फरक पडतो. ही चूक निदान स्वतःहून उघडी पडते. तेरजेच्या नावे बाजूला असलेल्या पूर्वदत्त विम्यालाही हेच लागू आहे: तो विमा खर्चातून आधीच वगळलेला असल्याने फक्त मालमत्तेत जातो.