बेळगावची जाहिरात बेंगळुरूच्या नावावर कशाला?

"छोट्या कंपनीला चांगले इंजिनीअर हवेत? लिंक्डइनवर लोकेशन बेंगळुरू टाका, बेळगाव बघून कोण अर्ज करतंय! पगार कधीच लिहू नका. स्टाफला लाइक-कॉमेंट सक्तीचं करा. रोज एक पोस्ट. महिन्यात अर्जांचा पाऊस!"

हे फॉरवर्ड फिरत फिरत घरच्या ग्रुपवर आलं आणि उद्यमबागेत मशीन शॉप असलेल्या आमच्या दाजींनी खाली लिहिलं, 'करून बघायला काय हरकत आहे?' हरकत आहे, दाजी. बरीच आहे.

सगळ्यात खुळा सल्ला लोकेशनचा. नोकरी शोधणारा लिंक्डइनवर शहर टाकून शोधतो, नाहीतर त्या शहराचा अलर्ट लावून ठेवतो. बेंगळुरू टाकलंत तर जाहिरात तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या पोरांना दिसेल आणि अर्जही ढिगाने येतील. मग तुम्ही फोन लावत बसायचं आणि प्रत्येकाकडून ऐकायचं, "बेळगाव? जाहिरातीत तर बेंगळुरू होतं." आणि जो खरंच येणार होता त्याचं काय? खानापूरचा किंवा चंदगडचा मुलगा, चाकणला व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं प्रोग्रामिंग करतोय, आई-वडील गावी आहेत, परत यायचं मनात आहे. त्याने अलर्ट बेळगावचा लावलाय. त्याला तुमची जाहिरात पोचणारच नाही.

तेव्हा लोकेशन बेळगावच ठेवा आणि मजकुरात Belagavi, Belgaum ही दोन्ही स्पेलिंग येऊ द्या. नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, तरी बाहेर असलेली आपली माणसं सवयीने जुनंच टाइप करतात. 'बेळगावात राहून काम करायची तयारी आहे का?' हा हो-नाही प्रश्न अर्जातच टाका, निम्मे फोन वाचतील. याहून उपयोगी एक गोष्ट आहे. गोगटे इन्स्टिट्यूट किंवा मराठा मंडळच्या इंजिनीअरिंग कॉलेजचं लिंक्डइन पान उघडा, Alumni मध्ये जा, राहण्याचं ठिकाण पुणे निवडा. इथे शिकून तिकडे गेलेली माणसं समोर येतात. त्यातल्या प्रॉडक्शनवाल्यांना दोन ओळींचा साधा मेसेज जाऊ द्या.

पगार लपवायचा सल्ला मालकांना आवडतो, कारण आकडा जाहीर झाला की मशीनवर जॉब लावून देणारा जुना सेटर विचारणार, "मला एवढा का नाही?" अडचण खरी आहे. पण चाकणचा माणूस खोलीभाडं आणि मेसचा खर्च वजा करून हिशेब मांडतो. आकडाच नसेल तर हिशेब कशाचा मांडणार? रजा टाकून मुलाखतीला तो येत नाही. उपाय असा की आकडा कामाला बांधा. समजा जाहिरात अशी: 'व्हीएमसी प्रोग्रामर, फानुक कंट्रोल, मास्टरकॅम. काम एसजी आयर्नच्या व्हॉल्व्ह बॉडीचं, टॉलरन्स ०.०२ मिमी. दोन शिफ्ट, पीएफ. नुसतं सेटिंग येत असेल तर २२ ते २६ हजार, ड्रॉइंगवरून स्वतः प्रोग्राम लिहीत असाल तर ३० ते ३८.' आता जुन्या सेटरलाही कळतं की वरच्या आकड्यासाठी काय शिकायला हवं. आणि 'डायनॅमिक उमेदवार हवा' यापेक्षा ही टॉलरन्सची ओळ चांगल्या कारागिराला जास्त ओढते. शॉपमध्ये काय दर्जाचं काम चालतं ते त्याला एका ओळीत समजतं.

सक्तीच्या लाइकबद्दल लिंक्डइनचा स्वतःचा नियमच वाचा. त्यांच्या प्रोफेशनल कम्युनिटी पॉलिसीत स्पष्ट म्हटलंय की एकमेकांच्या पोस्ट लाइक किंवा शेअर करायचं आधी ठरवून घेऊ नका. खोटी प्रोफाइल उघडायलाही बंदी. म्हणजे डिस्पॅचच्या पोराच्या नावाने खातं उघडून 'बेस्ट कंपनी सर' लिहिणं हा सरळ नियमभंग आहे. शिवाय पंधरा-वीस जणांचा स्टाफ एकमेकांच्याच ओळखीत असतो, त्यामुळे पोस्ट फिरून फिरून त्याच माणसांना दिसते. उमेदवार काही त्या कॉमेंटवर विश्वास ठेवत नाही. तो पेजवरचे कर्मचारी उघडतो, कोण किती वर्षं टिकलंय ते बघतो आणि सोडून गेलेल्या एखाद्याला गुपचूप विचारतो.

यात अर्धं खरं एवढंच, आणि तेही नाइलाजाने कबूल करतो: कंपनीच्या पेजपेक्षा माणसाने स्वतःच्या खात्यावरून लिहिलेलं लांब जातं. सेटरने आपण बनवलेल्या फिक्स्चरचा फोटो आपखुशीने टाकला तर उत्तम. फक्त फोटोत गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, पार्ट नंबर किंवा कंपनीचं नाव दिसत नाही ना, ते आधी तपासा. एरोस्पेसचं काम असेल तर एका फोटोपायी ऑर्डर जाऊ शकते. आणि स्टाफने प्रोफाइलमध्ये कंपनीचं नाव नुसतं टाइप करून सोडू नये, यादीतून तुमचं पेज निवडावं. नाहीतर अठरा माणसांच्या शॉपमध्ये पेजवर तिघंच दिसतात.

रोज पोस्ट? शॉपमध्ये रोज नवीन काय घडतं? आठवड्याला एक पुरे, आणि दिवाळीच्या शुभेच्छा त्यात धरू नका.