मागची चार प्यादी: कशाला पुरतात, कशाला नाही

वाचकाची प्रतिक्रिया: «लेखात तुम्ही b1, c1, f1, g1 ही प्यादी हलवू नका म्हणता. मी तसंच खेळलो आणि तरीही हरलो. चार प्यादी मागे बसवून ठेवायची म्हणजे सोळांविरुद्ध बारांनी लढायचं. ब्रेकथ्रू ही शेवटी शर्यत आहे, आधी पोचेल तो जिंकेल. मग राखण हवीच कशाला?»

नमस्कार. तुमचा डाव मी पाहिलेला नाही, पण तुम्ही कसे हरलात याचा अंदाज बांधता येतो. समोरच्याची दोन प्यादी शेजारी-शेजारी तुमच्या तिसऱ्या ओळीवर येऊन उभी राहिली असणार आणि तोपर्यंत त्यांना कुणी अडवलं नसणार. राखणीची चार प्यादी नेमकी तिथे कमी पडतात. म्हणून आधी त्यांचं काम कुठवर चालतं ते बघू.

ब्रेकथ्रू आठ बाय आठच्या पटावर सोळा-सोळा प्याद्यांनी खेळतात, आणि समोरच्याच्या मागच्या ओळीवर आधी पोचणारा जिंकतो. प्यादं एक घर पुढे जातं, सरळ किंवा तिरकं, पण मारतं फक्त तिरकं. त्यामुळे b1 चं प्यादं a2 आणि c2 या दोन घरांवर नजर ठेवतं. c1 कडे b2 आणि d2, f1 कडे e2 आणि g2, g1 कडे f2 आणि h2. दुसऱ्या ओळीतली आठही घरं झाली, प्रत्येक घर बरोबर एकदा. यापेक्षा कमी प्याद्यांत हे जमत नाही, कारण एक प्यादं जास्तीत जास्त दोनच घरं राखू शकतं. (डॅन ट्रॉयका यांनी २००० साली हा खेळ केला तो सात बाय सातच्या पटासाठी. तिथे b1, c1, e1, f1 ही चार लागतात आणि d2 वर दोघांची नजर पडते.)

म्हणजे एकटं धावत आलेलं प्यादं कुठूनही घुसो, दुसऱ्या ओळीवर पाय ठेवला की मारलं जातं. राखणीची हमी एवढीच आहे. घुसणाऱ्या प्याद्याला मागून जोर असेल तर हिशोब बदलतो. हा पट मांडून बघा. पांढरा खालून वर जातो, चाल काळ्याची आहे.

```
8  .  ●  ●  .  .  ●  ●  .
7  .  .  .  .  .  .  .  .
6  .  .  .  .  .  .  .  .
5  .  .  .  .  .  .  .  ○
4  .  .  .  .  ●  ●  .  .
3  .  .  .  .  .  .  .  .
2  .  .  .  .  .  .  .  .
1  .  ○  ○  .  .  ○  ○  .
   a  b  c  d  e  f  g  h
```

दोघांचीही राखण पूर्ण आहे, तरी इथे काळा जिंकतो. तो e4-e3 खेळतो, मग f4-f3. आता e3 आणि f3 ही जोडी झाली. पुढे e3-e2. पांढऱ्याला f1 ने e2 मारावंच लागतं, नाहीतर पुढच्याच चालीला काळा पहिल्या ओळीवर पोचतो. मग f3 चं प्यादं e2 वर उलट मारतं. आता e2 वर नजर ठेवणारं कुणीच उरलेलं नाही, कारण d1 आधीपासून रिकामं आणि f1 आत्ताच सुटलं. c1 आणि g1 जागेवर असून फक्त बघत राहतात. पाचव्या चालीला काळा घरात.

मधल्या वेळात राखणीतलं एखादं प्यादं पुढे काढून हे थांबत नाही. जोडी e3, f3 वर आल्यावर पांढऱ्याची चाल असली तरी उशीर झालेला असतो. f1-f2 करून बघा: e3 चं प्यादं f2 वर मारतं, g1 उलट मारतं, आणि उरलेलं काळं प्यादं f3 वरून g2 वर जातं. ते घर राखणारं f1 तर निघून गेलेलं. g1-f2 केलंत तर e3 तिथे मारतं आणि f2 वर उलट मारायला e1 किंवा g1 वर कुणी नाही. बाकीच्या चालीही पटावर मांडून पाहा, निकाल तोच लागतो. राखणीतलं प्यादं पुढे गेलं की मागे फिरत नाही आणि बाजूलाही सरकत नाही, त्यामुळे प्रत्येक चालीने दोन घरं कायमची उघडी पडतात.

घर टिकवण्याचा साधा नियम असा: घुसणाऱ्याच्या मागे त्या घरावर उलट मारू शकणारी प्यादी मोजा, आणि तुमची त्या घरावर मारू शकणारी मोजा. संख्या सारखी असेल तर घर घुसणाऱ्याला मिळतं. मागच्या चौघांच्या राखणीत दुसऱ्या ओळीच्या कुठल्याही घरावर तुमचा मारा एकाचाच आहे. म्हणून एका जोरावर काम होतं.

मग करायचं काय? पाचवं प्यादं हवं, सहावंही हवं, आणि ती जोडीच्या समोर हवीत. वरच्याच पटावर पांढऱ्याचं एक प्यादं e2 वर ठेवा. आता काळा f4-f3 आला तर e2 ते मारतं, e4 उलट मारतं, आणि f3 वर काळं प्यादं एकटं उरतं. एकट्याला e2, f2, g2 तिन्ही घरं बंद आहेत. काळा e4-d3 वळला तर e2 ते फुकटात मारतं. पण त्याचं प्यादं e3 किंवा g3 वर उतरलं, तर एकटं e2 पुरत नाही. f1-f2 ही चाल मघाशी हरवत होती तशी इथेही हरवते: g3 वरचं प्यादं उघड्या पडलेल्या g2 वर सरकतं, आणि e3 वर आलेल्याला f4-f3 ची जोड मिळते. म्हणून f2 वरही एक प्यादं आधीच हवं, ते e3 आणि g3 दोन्ही घरांवर मारतं. ते नसेल आणि e3, g3 दोन्ही घरांवर काळा आला, तर तो दोन्हीकडून f2 वर मारतो आणि फळी फुटते.

तेव्हा राखण पक्की ठेवायची म्हणजे चार प्यादी खिळवून बाकी बारा पुढे हाकायची असं नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, विरोधकाची गर्दी जिथे जमते आहे त्या बाजूला, एक-दोन प्यादी शिल्लक ठेवायची. जोडीतल्या एकाची अदलाबदल झाली की उरलेल्या एकट्याला मागची चार प्यादी सांभाळतात.

आता शर्यतीकडे येऊ. तुमचा मुद्दा इथे जोरकस आहे, फक्त शर्यत चालींत मोजायला हवी. पट पुन्हा वरच्यासारखा करा, e2 आणि f2 ची प्यादी काढा, आणि काळ्याचं g8 उचला. समजा तो सोळाही प्यादी लढवण्याच्या नादात ते पुढे घेऊन गेला आणि गमावून बसला. चाल अजूनही काळ्याचीच. त्यामुळे f7 आणि h7 उघडी पडली. काळा e3, पांढरा h6. काळा f3, पांढरा h7, आणि तिथे मारणारं कुणी नाही. काळा e2, पांढरा h8, डाव संपला. काळ्याने पहिल्याच चालीत f8-g7 करून अडवू पाहिलं तर पांढरा h5-g6 जातो, आणि पुढच्या चालीला f7 किंवा h7 पैकी हवं ते घर मोकळं आहे. घरी बसलेल्या एका g8 वर निकाल फिरला.

याच पटावरून पांढऱ्याची राखणही काढून टाका. काळा e3, पांढरा h6. काळा e2, पांढरा h7. काळा e1 आणि जिंकला. त्याला जोडीदार आणायची गरजच पडली नाही.

यातून मोजणी हाती येते. जोडी चौथ्या ओळीवर, चाल विरोधकाची आणि तुमची राखण शाबूत असेल, तर त्याला पाच चाली लागतात. तेवढ्यात तुम्हाला चार चाली मिळतात, त्यातली एक सक्तीच्या मारामारीत जाते, म्हणजे मोकळ्या तीन. राखण नसेल तर मोकळ्या दोनच. वरच्या डावात h5 वरच्या प्याद्याला तीन चाली हव्या होत्या म्हणून जमलं. ते h4 वर असतं तर राखण असूनही हरलो असतो. आणि जोडी एकदा तिसऱ्या ओळीवर आली की राखण असो वा नसो, तुमच्याकडे मोकळी चाल एकच उरते. म्हणून चढाई करायची की बचाव, हा निर्णय जोडी पाचव्या किंवा चौथ्या ओळीवर असतानाच घ्यायचा. तुमचं पुढचं प्यादं मोकळ्या चालींत पोचतं का आणि त्याच्या वाटेतलं सातव्या ओळीचं घर उघडं आहे का, हे दोन्ही होकारार्थी असेल तर पळा आणि मागे वळून बघू नका. एकाही बाबतीत नकार असेल तर आधी जोडी मोडा. शर्यतीचा हिशोब तंत्रशुद्ध केल्याने किती फरक पडतो हे सहा बाय पाचच्या छोट्या पटावर दिसलं. २०११ साली अशाच धावण्याच्या नमुन्यांचा आधार घेऊन तो पट पूर्ण सोडवला गेला आणि तिथे दुसऱ्याने चाल करणारा जिंकतो असं निघालं.

सोळा विरुद्ध बारा या हिशोबात एक गोष्ट मात्र खरी आहे. या खेळात चाल सोडता येत नाही. मधली प्यादी एकमेकांसमोर अडून बसली, जो पुढे टाकेल त्याचं मरेल अशी अवस्था आली, की ज्याच्या बिनधोक चाली आधी संपतात त्याला राखण मोडावी लागते. मागची चार न हलवणाऱ्यावर ही वेळ लवकर येऊ शकते. त्यासाठी a आणि h पट्टीवरची प्यादी सुरुवातीला घाईने पुढे दामटू नका. a1 आणि h1 राखणीत फक्त एकेक घर सांभाळतात, पण जागेवर असली तर ती शिलकीच्या चाली असतात. मध्य अडला की दोघांच्या अशा चाली मोजा. चाल तुमची असेल तर तुमच्याकडे त्याच्यापेक्षा किमान एक जास्त हवी. नसेल, तर अडकण्याच्या आधीच मध्यात एक अदलाबदल करून पट मोकळा करा, चौघांपैकी कुणालाही न हलवता.