फेरफाराची नोटीस माणसाला कळेल अशी लिहिता येते

महसूल खात्यात अनेक वर्षं कारकुनी केली, त्यामुळे शेजारपाजारचे लोक सरकारी कागद घेऊन माझ्याकडे येतात. सगळ्यात जास्त येते ती फेरफाराची नोटीस. जमीन महसूल संहितेच्या कलम १५०(२) खाली जाणारी, नमुना ९ मधली. ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांच्या हातात ती कधी ना कधी पडतेच. या एका कागदाबद्दल सविस्तर लिहितोय, कारण तो न कळल्यामुळे लोकांचं खरंखुरं नुकसान होतं.

मजकूर साधारण असा असतो:

"उपरोक्त गावचे गाव नमुना ६ मधील फेरफार क्रमांक अमुक अन्वये खालीलप्रमाणे अधिकार अभिलेखात नोंद घेण्यात आली असून सदर नोंदीमध्ये आपला हितसंबंध असल्याचे दिसून येते. तरी सदर फेरफाराबाबत आपली काही हरकत असल्यास ही नोटीस मिळालेपासून १५ दिवसांचे आत तोंडी अगर लेखी आमचेकडे कळवावे. विहित मुदतीत हरकत प्राप्त न झाल्यास सदर फेरफारास आपली संमती आहे असे समजण्यात येऊन पुढील कार्यवाही करण्यात येईल."

गेल्या वर्षी एक काकू हीच नोटीस घेऊन आल्या. वडिलोपार्जित जमीन, सातबारावर त्यांचं आणि दोन भावांचं नाव. थोरल्या भावाने जमिनीतली रस्त्याकडची बाजू परस्पर एका तिऱ्हाइताला विकली. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं गेलं, तिथून ते तलाठ्याकडे पोचलं, फेरफार धरला गेला आणि सातबारावर नाव म्हणून काकूंना नोटीस निघाली. त्या शिकलेल्या, बँकेत नोकरी केलेल्या. तरी त्यांनी नोटिशीचा अर्थ असा लावला की आपली संमती मागितली आहे, आपण सही करायला गेलोच नाही तर व्यवहार अडून राहील. म्हणून त्या मुद्दाम गप्प बसल्या होत्या. खरा अर्थ बरोबर उलटा. गप्प बसलं की संमती धरली जाते.

दोष काकूंचा नाही, मजकुराच्या बांधणीचा आहे. सगळ्यात धोक्याची गोष्ट शेवटच्या वाक्यात, तीही "असे समजण्यात येऊन" अशा धाटणीने सांगितलेली. कोण समजणार, पुढे काय करणार, ते कुठेच नाही. "आमचेकडे" म्हणजे तलाठ्याकडे, पण कागदावर तालुक्याचं नाव ठळक असल्यामुळे माणसं तहसील कचेरीच्या रांगेत जाऊन उभी राहतात आणि तिथून त्यांना परत पाठवलं जातं. पंधरा दिवसांतले चार-पाच असेच जातात.

आता ही नोटीस नव्याने लिहायची तर सुरुवात शब्दांपासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. "सदर" काढून "ही" घातलं आणि "अन्वये"ला "नुसार" केलं की भाषा सोपी झाली असं कार्यालयात मानलं जातं. तसं केलेले मसुदे मी पाहिले आहेत, ते तितकेच दुर्बोध असतात. फेरफार, सातबारा, गट नंबर, हरकत, खरेदीखत हे शब्द तर बदलूच नयेत. ते गावात रोज बोलले जातात, आणि तलाठ्यासमोर उभं राहिल्यावर हेच शब्द उपयोगी पडतात. आधी एका कोऱ्या कागदावर लिहावं की नोटीस मिळालेल्या माणसाला नेमकं काय ठरवायचं आहे. इथे त्याला एकच गोष्ट ठरवायची आहे: ही नोंद मला मान्य आहे की नाही? बाकीचा सगळा मजकूर त्या प्रश्नाच्या मागून आला पाहिजे.

मग प्रत्येक "येईल" आणि "यावे"च्या मागे कोण उभं आहे ते शोधायचं. यासाठी कायदा उघडावा लागतो, आणि तो उघडल्यावर कळतं की नोटिशीत माणसाच्या फायद्याच्या गोष्टीच गाळल्या आहेत. कलम १५० सांगतं की हरकत तोंडी केली तरी चालते. ती आली की तलाठ्याने विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत तिची नोंद करायची आणि हरकत घेणाऱ्याला तिथल्या तिथे लेखी पोच द्यायची. तेच कलम असंही सांगतं की संबंधितांना नोटीस रीतसर बजावल्याशिवाय नोंद प्रमाणित करता येत नाही. यातला "तोंडी अगर लेखी" एवढाच तुकडा नोटिशीत उतरला आहे. पोचेचा उल्लेखच नाही. मी म्हणेन, अख्ख्या कागदात त्या पोचेइतकं महत्त्वाचं काही नाही, कारण "तुमची हरकत आलीच नव्हती" हे वाक्य पुढे ऐकावं लागलं तर दाखवायला हातात दुसरं काही नसतं.

मी तयार केलेला मजकूर खाली देतोय.

"तुमच्या जमिनीच्या सातबारात बदल होणार आहे. तो तुम्हाला मान्य नसेल, तर ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तलाठ्याकडे हरकत घ्या. या मुदतीत तुमची हरकत आली नाही, तर बदल तुम्हाला मान्य आहे असं धरून मंडळ अधिकारी ही नोंद मंजूर करू शकतील.

कोणता बदल: गाव ____, गट नंबर ____. यातलं ____ क्षेत्र ____ यांनी ____ यांना दि. ____ च्या खरेदीखताने विकलं आहे. सातबारावर ____ यांचं नाव लावायचं आहे. फेरफार क्रमांक ____.

बदल मान्य असेल तर काहीही करायची गरज नाही. कुठेही सही करायला यावं लागत नाही.

मान्य नसेल तर साध्या कागदावर तुमचं नाव, पत्ता, गट नंबर, फेरफार क्रमांक आणि नोंद का मान्य नाही ते लिहून द्या. असतील ती कागदपत्रं जोडा. लिहिता येत नसेल तर समोर येऊन सांगा, तलाठी हरकत नोंदवून घेतील. हरकतीची लेखी पोच तुम्हाला लगेच मिळाली पाहिजे, ती घेतल्याशिवाय जाऊ नका.

हरकत कुठे द्यायची: तलाठी कार्यालय ____, वार ____, वेळ ____.

हरकतीनंतर सुनावणी होईल. तारीख तुम्हाला लेखी कळवू. निकाल मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येतं.

नोटीस मिळाल्याची तारीख: ____. हरकतीचा शेवटचा दिवस: ____.

(महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५०(२))"

शेवटच्या तारखांच्या ओळीवर मी बराच वेळ घालवला. "१५ दिवसांचे आत" हे कायद्याला पुरतं, माणसाला पुरत नाही. पण शेवटची तारीख आधीच छापून टाकायचीही सोय नाही, कारण मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजायची असते आणि टपालाने ती कधी पोचेल ते कार्यालयाला आधी कळत नाही. म्हणून दोन रिकाम्या जागा ठेवल्या. कोतवाल हातात नोटीस देत असेल तर त्याने तिथेच दोन्ही भराव्यात. टपालाने आली तर घेणाऱ्याने भराव्यात. मिळाल्याचा दिवस सोडून पुढचे पंधरा मोजायचे. ३ जूनला मिळाली तर १८ जून. पाकीट जपून ठेवा, त्यावरचा टपालाचा शिक्का मुदतीच्या वादात कामी येतो.

कलम मी शेवटी ढकललं, पण काढलं नाही. काढलं तर नोटिशीला आधारच राहत नाही आणि वकिलाला ते लागतंच. फक्त ते वाचणाऱ्याच्या वाटेत नको.

मसुदा झाला की तो वाचायला देऊन "कळलं का?" असं विचारू नये. सरकारी कागद न कळल्याचं कबूल करायला माणसं लाजतात, सगळे हो म्हणतात. "ही नोटीस तुम्हाला आली, तर उद्या सकाळी तुम्ही काय कराल?" असं विचारायचं. वाचनालयात येणाऱ्यांना मी हेच विचारलं. आधीच्या मसुद्यात "मान्य असेल तर काहीही करायची गरज नाही" ही ओळ नव्हती, तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितलं की आम्ही सही करायला जाऊ. नोटीस आली म्हणजे बोलावणं आलं, असंच धरलं जातं. ती ओळ घातल्यावर हा गोंधळ मिटला.

काकूंच्या बाबतीत मुदतीचे थोडे दिवस हातात होते. हरकतीत आम्ही मोजकंच लिहिलं: जमीन तिघांच्या सामाईक मालकीची आहे, वाटप झालेलं नाही, त्यामुळे थोरल्या भावाला स्वतःचा अविभक्त हिस्सा फार तर विकता येईल, रस्त्याकडची ठरावीक बाजू स्वतःची म्हणून तोडून देता येणार नाही. सोबत जुना सातबारा आणि वडिलांच्या वारस नोंदीचा फेरफार जोडला. दोन प्रती नेल्या, एकीवर तारीख, सही आणि शिक्का घेतला. नोंद विवादग्रस्तमध्ये गेली आणि सुनावणी लागली.

त्या हरकतीने खरेदीखत मात्र रद्द होत नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. फेरफार ही महसुली नोंद आहे. मालकीचा वाद आणि खरेदीखताला आव्हान, दोन्ही दिवाणी न्यायालयाचं काम. लोक सुनावणीत मालकीचा निवाडा मागतात आणि निराश होऊन परततात. हेही नोटिशीत एका ओळीत सांगायला हवं असं मला वाटतं, पण खात्यातले माझे जुने सहकारी म्हणतात की तसं छापलं तर माणसं हरकत घेणंच सोडून देतील. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, तरी ते खोडूनही काढता आलेलं नाही. म्हणून ती ओळ सध्या बाहेर ठेवली आहे.

अडचण अशी की नमुना ९ नियमांनी ठरवून दिलेला आहे. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, किंवा तहसीलदार त्यातला मजकूर आपल्या मर्जीने बदलू शकत नाहीत. तो राज्य पातळीवरच बदलावा लागेल. पण नोटिशीसोबत समजुतीसाठी दुसरा कागद जोडायला, किंवा तो तिच्या पाठीमागे छापायला कोणाची आडकाठी असल्याचं मला माहीत नाही. हा अर्धाच उपाय आहे, कारण माणूस पुढची बाजू वाचूनच घाबरलेला असतो. तरी आजच्या आज होण्यासारखा तेवढाच आहे.

खात्यातले जे कोणी हे वाचत असतील त्यांनी वरचा मजकूर खुशाल उचलावा, माझं नाव नको. फक्त "वार ____, वेळ ____" ही जागा कोरी सोडू नका. एका सजात अनेक गावं असतात, तुम्ही सोमवारी एकीकडे आणि बुधवारी दुसरीकडे बसता. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं तर तो दुसऱ्यांदा येईलच असं नाही, आणि त्याची मुदत चालूच असते.